दराचा रकाना मोकळा ठेवलेली ऑर्डर

आम्ही भाऊ-बहीण मिळून टेरी टॉवेल विणण्याचा छोटा कारखाना चालवतो. परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. आलेल्या चौकशीला त्याच दिवशी उत्तर देण्याची मला सवय आहे, आणि ही सवय एकदा चांगलीच महागात पडणार होती. तो प्रसंग घडला त्याच क्रमाने लिहिते, कारण मी तपासण्या केल्या नाहीत असे झाले नव्हते. केल्या होत्या, आणि त्यांतल्या पहिल्या चार-पाच तपासण्यांचे निकाल उत्तम आले होते.

ईमेल एका ब्रिटिश किरकोळ विक्रेत्या साखळीच्या नावाने आली होती. साखळी खरी होती आणि तिचे नाव मला आधीपासून ठाऊक होते. सही खरेदी व्यवस्थापकाची होती. सहीखाली बोधचिन्ह, नोंदणीकृत पत्ता, कंपनी क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक असा सगळा सरंजाम होता. मागणी होती 70 बाय 140 सेंटिमीटर मापाच्या, 500 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाच्या, 1,20,000 टॉवेलांची. माल दोन 20 फुटी कंटेनरांत भरून पाठवायचा होता, आणि पहिली खेप समाधानकारक वाटल्यास दर तिमाहीला तेवढाच माल लागणार होता. पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून 30 दिवसांत मिळणार होते. त्यासाठी एफओबी, म्हणजे माल बोटीवर चढवेपर्यंतचा, आणि सीआयएफ, म्हणजे बोटीचे भाडे व विमा धरून, असे दोन्ही दर दोन दिवसांत कळवावेत, असे लिहिले होते.

दादाने ईमेल वाचली आणि म्हणाला, "भाव तरी कळवून टाक. भाव कळवायला काय पैसे पडतात?"

वरवर पाहता त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण भाव गेला की बोलणे कशावर चालले आहे तेच बदलते. तोवर समोरचा कोण आहे हा प्रश्न टेबलावर असतो. भाव दिल्यावर प्रश्न उरतो तो उधारी किती दिवसांची द्यायची एवढाच, आणि आपण घासाघिशीत रमलो की पहिला प्रश्न विचारायचा राहून जातो. दरपत्रकामागून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचे कच्चे बिल, जाते. तिच्यावर आपल्या बँक खात्याचा तपशील, शिक्का आणि सही असते, म्हणजे उद्या आमच्या नावाने दुसऱ्या कोणाला खोटे बिल पाठवायला लागणारे सगळे साहित्य आपणच पुरवलेले असते. शिवाय अशा चौकश्यांमागे कधीकधी एखादा स्पर्धकही असतो, आणि त्याला आपल्या दरांखेरीज दुसरे काहीच नको असते. म्हणून पहिल्या उत्तरात मी भाव दिला नाही. आमची ओळख, यंत्रांची क्षमता आणि काही प्रश्न एवढेच लिहून पाठवले.

प्रश्न पाठवण्याआधी मी एक साधा हिशेब केला होता. सांगितलेल्या मापाच्या टॉवेलाचे क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर होते, म्हणजे 500 जीएसएमने एकेक टॉवेल 490 ग्रॅमचा भरतो. 1,20,000 टॉवेलांचे वजन 58.8 टन होते. दोन कंटेनरांत वाटले तर प्रत्येकी 29 टनांहून अधिक होते, आणि 20 फुटी कंटेनरात साधारण 28 टनांपर्यंतच माल भरता येतो. पण टॉवेलांच्या बाबतीत प्रश्न वजनाचा नसतोच, कारण टेरी कापड फुगीर असते आणि जागा फार आधी संपते. 20 फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे 33 घनमीटर असते. आमच्या पॅकिंगप्रमाणे एवढ्या मालाला चार 40 फुटी हाय-क्यूब कंटेनर लागले असते. टॉवेल नेहमी खरेदी करणाऱ्या माणसाच्या हातून अशी चूक सहसा होत नाही. तरी सहायकाने घाईत लिहिले असेल असे मी धरून चालले आणि उत्तरात ती चूक सौम्य शब्दांत दाखवली.

त्याबरोबर मी चार गोष्टी विचारल्या होत्या. सूत सिंगल कार्डेड हवे की कोम्ब्ड, धुलाईनंतर किती आकुंचन चालेल, कोणती चाचणी किंवा प्रमाणपत्र लागेल, आणि नमुने तुमच्या कोणत्या कुरिअर खात्यावर पाठवायचे. शेवटचा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. मोठ्या खरेदीदाराचे कुरिअर कंपनीकडे स्वतःचे खाते असते, तो खाते क्रमांक देतो आणि नमुन्यांचा वाहतूक खर्च त्याच्याकडे जातो.

उत्तर तीन तासांत आले. त्या वेळी ब्रिटनमध्ये रात्रीचे दहा वाजून गेले होते, पण माझ्या ते लक्षात आले नाही. सूत, आकुंचन, प्रमाणपत्र या सगळ्यांना एकच उत्तर होते : "तुमच्या नेहमीच्या निर्यात दर्जाप्रमाणे." नमुन्यांची गरज नाही, तुमच्या संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून आमचे समाधान झाले आहे, असे लिहिले होते. आणि कंटेनरांबद्दल होते : "तुम्ही म्हणता तसे चार कंटेनर करा."

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. दोन 20 फुटींऐवजी चार 40 फुटी कंटेनर म्हणजे बोटीचे भाडे, बंदरावरचा खर्च आणि गोदामातली जागा, सगळेच कित्येक पटींनी वाढते, आणि दर टॉवेलमागचा खरेदीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. खरा खरेदीदार निदान एकदा हरकत घेतो. नग कमी करतो, जीएसएम 450 वर आणता येईल का विचारतो, दाबून पॅक करायला सांगतो. ज्याला भाडे भरायचेच नाही त्याला मात्र दोन काय आणि चार काय, सारखेच. माझ्या मनात पहिली खरी शंका आली ती इथे.

तरीही ती शंकाच होती, म्हणून मी रीतसर तपासायला बसले. ब्रिटनमधल्या कंपन्यांची नोंद कंपनीज हाऊसकडे असते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. ईमेलमधला कंपनी क्रमांक टाकल्यावर कंपनी समोर आली : नाव तेच, पत्ता तोच, स्थापना जुनी, वार्षिक हिशेब वेळच्या वेळी दाखल झालेले. त्यानंतर मी पैसे भरून एका पतमापन संस्थेचा अहवाल मागवला. तोही उत्कृष्ट होता. कंपनी मोठी आहे, देणी वेळेवर देते, एवढ्या रकमेची उधारी द्यायला हरकत नाही, असा त्याचा सूर होता. दादा म्हणाला, "आता आणखी काय हवं तुला?"

आमची चूक नेमकी इथे होत होती. ती नोंद आणि तो अहवाल कंपनीबद्दल होता. ईमेल लिहिणाऱ्या माणसाबद्दल त्यांत एक अक्षरही नव्हते. कंपनी क्रमांक, पत्ता, बोधचिन्ह हे सगळे कोणत्याही कंपनीच्या संकेतस्थळाच्या तळाशी छापलेले असते आणि कोणीही ते उतरवून घेऊ शकतो. फसवणारा माणूस मुद्दाम भक्कम कंपनीचेच नाव घेतो, म्हणजे आपण जितके काटेकोर तपासू तितके निर्धास्त होऊ. परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या निर्यात पतविम्याची गोष्टही अशीच आहे. विमा कंपनी त्या खरेदीदाराच्या नावावर मर्यादा मंजूर करते, पण त्या खरेदीदाराने मालाची मागणीच केलेली नसेल तर त्याच्याकडून काही येणे आहे असे सिद्ध करता येत नाही, आणि जे येणेच नाही त्याचा दावा कशाच्या आधारावर करायचा?

मी आणखी एक चूक केली, तीही सांगते. सहीखालच्या क्रमांकावर मी फोन केला. दुसऱ्या घंटेला एका पुरुषाने अतिशय सफाईने कंपनीचे नाव घेऊन नमस्कार केला, मी नाव सांगताच आमची चौकशी ओळखली आणि आमच्या दरपत्रकाची वाट पाहत असल्याचे सांगितले. फोन ठेवताना मला हायसे वाटले होते. ज्या कागदाची खातरजमा करायची त्याच कागदावरचा क्रमांक फिरवून मी खातरजमा झाली असे मानले, हे ध्यानात यायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर लावून वाचला. @ या चिन्हानंतर कंपनीचे नाव होते, त्यापुढे एक आडवी रेघ, मग group आणि मग .com. कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ .co.uk वर आहे. मोठ्या उद्योगसमूहांची अनेक डोमेने असतात, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. ब्राउझरमध्ये मी तो आडव्या रेघेचा पत्ता टाकला, तर कंपनीचे खरेखुरे संकेतस्थळ उघडले. दादा तर टाळी द्यायलाच आला. पण पान उघडत असताना वरच्या पट्टीतला पत्ता क्षणात बदलला होता. मी टाकला होता आडव्या रेघेचा आणि दिसत होता .co.uk. म्हणजे नव्या डोमेनवर संकेतस्थळ नव्हतेच. तिथे आलेल्याला खऱ्या संकेतस्थळाकडे वळवून देण्याची सोय तेवढी केलेली होती. अशी वळवणूक कोणत्याही डोमेनचा मालक काही मिनिटांत करू शकतो, आणि ज्याच्याकडे वळवले त्याची परवानगी त्याला लागत नाही.

मग मी lookup.icann.org वर दोन्ही डोमेने पाहिली. तिथे Creation Date या ओळीत डोमेन कधी नोंदवले ते दिसते. मालकाचे नाव बहुतेक वेळा झाकलेले असते, तारीख मात्र झाकता येत नाही. .co.uk ची माहिती तिथे मिळाली नाही, ती ब्रिटनच्या नॉमिनेट या नोंदणी संस्थेकडे पाहावी लागली. खरे डोमेन वीस वर्षांहून जुने होते. आडव्या रेघेचे डोमेन आम्हाला ईमेल आली त्याच्या आधी फक्त 19 दिवस नोंदवलेले होते, आणि तेही एकाच वर्षासाठी.

ईमेलचे हेडर, म्हणजे ती कुठून कशी आली याची तांत्रिक नोंद, मी पाहिले ते शेवटी, आणि त्याने मला थोडे गोंधळातच टाकले. मूळ संदेश उघडल्यावर त्यात अशा ओळी होत्या (डोमेनचे नाव बदलून देते) :

```
Authentication-Results: spf=pass dkim=pass dmarc=pass
From: purchasing@companyname-group.example
Reply-To: purchasing@companyname-group.example
```

तिन्ही ठिकाणी pass. या तपासण्यांमध्ये उत्तीर्ण झालेली ईमेल खरी असते, अशी माझी तोवर समजूत होती. त्यांचा अर्थ एवढाच की, ही ईमेल त्या डोमेनच्या मालकाने मान्य केलेल्या यंत्रणेतूनच निघाली आहे. डोमेनच फसवणाऱ्याच्या मालकीचे असेल तर तो त्यावर सगळे नियम नीट पाळतो आणि pass मिळवतो. खऱ्या कंपनीचा पत्ता जसाच्या तसा From मध्ये घालून कोणी ईमेल पाठवली तर या तपासण्यांत ती बहुधा पकडली जाते. मिळत्याजुळत्या नावाचे डोमेन मात्र त्यांत कधीच पकडले जात नाही, ते डोळ्यांनीच पकडावे लागते.

आता फोन करायचा तो खऱ्या संकेतस्थळावरच्या मुख्य क्रमांकावर. तोही मी कंपनीच्या जुन्या वार्षिक अहवालातल्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि त्यांच्या कार्यालयीन वेळेत, सकाळी दहाच्या सुमाराला लावला. स्वागतकक्षाने खरेदी विभागाला जोडून दिले. तिथल्या बाईंना मी फक्त एवढेच विचारले, "या नावाचे गृहस्थ तुमच्याकडे टॉवेलांची खरेदी पाहतात का?" आलेली ईमेल मी मुद्दाम वाचून दाखवली नाही, कारण आपणच सगळे सांगितले की समोरचा माणूस घाईत नुसता हो म्हणून मोकळा होतो.

त्या म्हणाल्या, "त्या नावाचे सहकारी आहेत, पण ते कापड विभागात नाहीत. आणि आमच्या ईमेल त्या डोमेनवरून जात नाहीत." जरा थांबून त्यांनी विचारले, "माल पाठवला तर नाही ना तुम्ही?"

त्या आवाजावरून मी पहिली नव्हे हे कळले. त्यांच्याकडे नवा पुरवठादार संकेतस्थळावरचा नोंदणी अर्ज भरून येतो, मग कारखान्याची पाहणी आणि प्रयोगशाळेतली चाचणी होते, आणि दराची गोष्ट त्यानंतर निघते, असे त्यांनी सांगितले. आमच्या हातातल्या चौकशीत हे सगळे टप्पे गाळून थेट दरापासून सुरुवात झाली होती. त्यांनी ती ईमेल पाठवायला सांगितली, पण नुसती फॉरवर्ड न करता फाइल म्हणून जोडून, कारण नेहमीसारखी फॉरवर्ड केली तर मूळ हेडर गळून पडते. ती मी पाठवली. डोमेन जिथे नोंदवले होते त्या कंपनीचा तक्रारीसाठीचा पत्ता नोंदणीच्या माहितीत दिलेला असतो, तिथेही कळवले. त्या आडव्या रेघेच्या लेखकाला मात्र काहीच उत्तर दिले नाही. आपण कशावरून ओळखले हे त्याला सांगितले असते, तर त्याने पुढच्या कारखान्यासाठी तेवढी दुरुस्ती करून घेतली असती.

उत्तर न आल्यामुळे तो थांबला नाही. चौथ्या दिवशी त्याने खरेदी आदेशच पाठवून दिला. बोधचिन्ह, क्रमांक, शिक्का आणि निळ्या शाईतली सही असलेला सुबक कागद होता तो. नगांच्या रकान्यात 1,20,000 लिहिले होते, दराचा रकाना मोकळा होता, आणि खाली सूचना होती की आपला दर भरून व सही करून परत पाठवावा. दादा कितीतरी वेळ त्या मोकळ्या रकान्याकडे पाहत राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला मनाला येईल तो भाव लावण्याची मुभा मिळाली होती.

त्या कागदावरचा आणखी एक तपशील महत्त्वाचा होता : माल पोचवण्याचा पत्ता. तो कंपनीच्या गोदामाचा नव्हता. तो एका औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या गाळ्याचा होता, आणि गाडी तिथे पोचण्याआधी चालकाने अमुक एका मोबाइलवर फोन करावा असे लिहिले होते. 30 दिवसांच्या उधारीवर माल गेला असता तर कागदपत्रे आम्ही बँकेमार्फत न पाठवता थेट त्याच्याच हाती दिली असती. बिल ऑफ लेडिंग हाती आले की माल सुटतो. महिनाभराने आम्ही खऱ्या कंपनीकडे पैसे मागितले असते, तेव्हा गाळा रिकामा झालेला असता. त्याने कोणतेही शुल्क, कर किंवा आगाऊ रक्कम आमच्याकडे मागितली नव्हती. आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहायचे एवढेच ज्याला ठाऊक आहे, तो इथे बेसावध राहतो, कारण या फसवणुकीत पैशाऐवजी माल जातो.

त्यानंतर काही आठवडे मी प्रत्येक चौकशीकडे संशयाने पाहत होते, आणि त्यापायी एक खरा खरेदीदार जवळजवळ गमावला. त्याची ईमेल दोनच ओळींची होती, मोफत मिळणाऱ्या ईमेल खात्यावरून आलेली, सहीखाली बोधचिन्ह नाही आणि स्पेलिंगच्या दोन चुका. त्याला 3,000 टॉवेल हवे होते. ठरलेल्या कसोट्या लावल्या असत्या तर मी ती कचऱ्यात टाकली असती. पण त्याने विचारले होते की, धुतल्यावर तुमच्या टॉवेलाची डॉबी किनार आवळते का, कारण सध्याच्या पुरवठादाराचा टॉवेल तीन धुलायांत किनारीपाशी चुणून येतो. हा प्रश्न टॉवेल विकून ग्राहकांच्या तक्रारी ऐकलेल्या माणसालाच पडतो. किनारीचे सपाट विणकाम आणि मधला फासांचा भाग सारखे आकसत नाहीत, त्यामुळे तिथे चुण्या पडतात.

मी त्याच्या देशाच्या नोंदणीत त्याचे नाव शोधले. छोटी कंपनी होती, आठ वर्षे चाललेली. नोंदलेला पत्ता आणि त्याच्या दुकानाचा पत्ता जुळत होता. दुकानाचा फोन क्रमांक मी नकाशावरून घेतला आणि त्याला न कळवता फोन केला. त्याने स्वतःच उचलला, आणि मागे कोणीतरी पट्टी लावून खोकी बंद करत असल्याचा आवाज येत होता. नमुन्यांसाठी त्याने कुरिअर खात्याचा क्रमांक लगेच दिला. नमुने पोचल्यावर त्याने ते पाच वेळा धुतले आणि मोजपट्टी लावून काढलेली छायाचित्रे पाठवली.

त्याला मी दर दिला, तोही एकाच मापाचा, 15 दिवसांसाठी, 30 टक्के आगाऊ आणि उरलेले पैसे कागदपत्रांच्या प्रती पाहून, या अटीवर. पूर्ण दरपत्रक पाठवले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. भाव त्याने थोडा पाडून मागितला होता, आगाऊ रक्कम 20 टक्क्यांवर आणायला सांगितली होती, आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिले होते की, एकेक खोके 15 किलोंच्या आत असावे, कारण त्याच्याकडे फोर्कलिफ्ट नाही आणि खोकी तो आणि त्याचा मुलगा हातानेच उतरवतात.